नीटच्या मॉकवरून रँक काढायची तर मार्क नाही, मॉकमधली जागा बघा

प्रश्न: मुलगी बारावीला आहे, कोथरूडला क्लास लावलाय. नीटच्या शेवटच्या पाच फुल मॉकची सरासरी ५६० येते. एका प्रेडिक्टरवर २०२४ च्या डेटावरून रँक सव्वालाखाच्या पुढे दाखवतो, दुसऱ्यावर २०२५ च्या डेटावरून आठ-नऊ हजार. क्लासच्या सरांनी मागच्या तीन वर्षांच्या पोरांचे मॉक आणि खऱ्या रँक अशी एक्सेल शीट दिली आहे. त्यातून रँक कशी काढायची? आणि पुण्याच्या बीजे मेडिकल कॉलेजचा विचार करायचा का नाही?

उत्तर:

दोन्ही प्रेडिक्टरनी बेरीज-वजाबाकी बरोबर केलीय, तरी दोन्ही आकडे तुमच्या मुलीचे नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की २०२४ च्या खऱ्या पेपरात ज्याला ५६० पडले त्याची रँक काय होती आणि २०२५ च्या खऱ्या पेपरात ५६० वाल्याची काय होती. मुलीला मात्र ५६० पडलेत ते मॉकमध्ये, म्हणजे तिसऱ्याच पेपरात, आणि तो पेपर या दोघांपैकी कुणासारखा होता हे कुणी तपासलेलंच नाही.

मी पुण्यात बरीच वर्षं क्लासेससाठी हेच काम करतो, टेस्ट सिरीजचा डेटा आणि निकालाचा डेटा जुळवून बघायचं. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर मार्कावरून रँककडे थेट उडी मारायची नाही, मॉकमधल्या जागेवरून खऱ्या परीक्षेतल्या जागेकडे जायचं. तुमच्याकडे शीट आहे म्हणजे अर्धं काम झालंय, आता ती कशी वाचायची ते सांगतो.

आधी मार्क का चालत नाहीत ते बघू, कारण हे पटलं नाही तर पुन्हा त्याच टेबलकडे मन ओढतं. २०२४ ला नीटमध्ये ६५० मार्काला रँक तीस हजारांच्या घरात होती. २०२५ ला ६५० च्या वर अख्ख्या देशात जेमतेम सत्तर-पंचाहत्तर पोरं होती, टॉपरलाच ७२० पैकी ६८६ होते. ६०० मार्काचं बघा, २०२४ ला रँक ऐंशी हजारांच्या आसपास आणि २०२५ ला तेराशेच्या आसपास. सिलॅबस तोच, मार्किंगही तेच, बरोबर उत्तराला ४ आणि चुकलं तर वजा १. पण २०२४ चा पेपर सोपा होता, कमी केलेल्या सिलॅबसचं ते पहिलं वर्ष होतं आणि तेव्हा २०० पैकी १८० प्रश्न निवडता येत होते, वेळ ३ तास २० मिनिटं. २०२५ ला निवड गेली, सरळ १८० प्रश्न आणि ३ तास, आणि वर फिजिक्स असं आलं की चांगली चांगली पोरं हॉलमधून रडत बाहेर आली.

आता बरेच पालक म्हणतात, ठीक आहे, २०२५ चा पेपर अवघड होता तर सगळ्यांना पन्नास-साठ मार्क वाढवून धरा आणि मग जुनं टेबल वापरा. तेही जमत नाही. ओपनचा क्वालिफाइंग कटऑफ म्हणजे ५० वा पर्सेंटाइल, म्हणजे बरोबर मधल्या पोराचे मार्क. तो २०२४ ला १६२ होता आणि २०२५ ला १४४, फरक फक्त १८ मार्कांचा. पण बारा हजाराव्या रँकला २०२४ मध्ये पावणेसातशेच्या आसपास मार्क लागत होते आणि २०२५ मध्ये साधारण ५५०, म्हणजे तिथला फरक सव्वाशेचा. एकच पेपर मधल्या पोराला १८ मार्कांनी अवघड गेला आणि वरच्या पोराला सव्वाशेनी. त्यामुळे सगळ्यांना सारखा लावता येईल असा "इतके मार्क मिळवा" आकडा कुठेच नाही. मॉकच्या पेपराचंही हेच, तो कुठल्या थरातल्या पोरांना किती अवघड गेला हे मार्कात दिसत नाही, जागेत दिसतं.

आता तुमच्या मुलीच्या पाच मॉकवर येऊ. तुम्ही फक्त सरासरी दिलीय, म्हणून मी समजुतीसाठी आकडे धरतो, तुम्ही तुमचे घाला. समजा मार्क ५३१, ५७४, ५४८, ६०२ आणि ५४५ आहेत, सरासरी ५६०. घरात काय होतं, ६०२ आले त्या दिवशी आनंद आणि ५४५ आले त्या दिवशी तोंड उतरलेलं. पण टेस्ट सिरीजच्या रिपोर्टमध्ये मार्काच्या खाली अजून एक ओळ असते, एकूण इतक्या पोरांनी दिली आणि तुमचा नंबर इतका. त्या ओळीवरून प्रत्येक मॉकला ती वरून किती टक्क्यांत होती ते काढा, नंबर भागिले एकूण पोरं गुणिले शंभर. समजा असं निघालं: ५३१ ला टॉप ७.९ टक्के, ५७४ ला ९.०, ५४८ ला ९.६, ६०२ ला ११.१ आणि ५४५ ला ६.४. म्हणजे ज्या मॉकला सगळ्यात जास्त मार्क होते तिथे ती सगळ्यात मागे होती, पेपर सोपा होता आणि बाकीच्यांनी जास्त मारले. आणि ५४५ वाला पेपर तिचा सगळ्यात चांगला गेला होता. पाचांची सरासरी टॉप ८.८ टक्के. इथून पुढे ५६० हा आकडा विसरायचा, ८.८ घेऊन चालायचं.

यात एक अट आहे. ही जागा मोठ्या गर्दीतली पाहिजे. क्लासच्या स्वतःच्या ६० पोरांच्या बॅचमधला नंबर घेतला तर बॅच दरवर्षी बदलते, एका वर्षी चार पोरं फार हुशार आली की आठवा नंबर बाराव्यावर जातो, मुलगी तीच. म्हणून क्लास ज्या मोठ्या सिरीजमध्ये पोरांना बसवतो, जिथे राज्याबाहेरचीही हजारो पोरं तोच पेपर त्याच दिवशी देतात, तिथला नंबर घ्या. आणि तिन्ही वर्षं तीच सिरीज होती ना हे सरांना विचारा, कारण सिरीज बदलली की टॉप ८.८ चा अर्थच बदलतो, एका सिरीजला फक्त तयारीची पोरं बसतात तर दुसरीला कुणीही फुकटात बसतं.

आता ८.८ टक्के म्हणजे खऱ्या नीटला बसलेल्या बावीस लाखांचे ८.८ टक्के असं करू नका, ते जवळजवळ दोन लाख रँक देईल आणि उगाच धसका बसेल. खऱ्या नीटला बसणाऱ्यांत निम्मी पोरं दीडशेच्या खाली असतात, वरचा १४४ चा आकडा तेच सांगतो. ती पोरं पैसे भरून फुल मॉक देत नाहीत. मॉकमधली गर्दी आधीच गाळून आलेली आहे. तिथले टॉप ८.८ टक्के खऱ्या परीक्षेत टॉप किती टक्के होतात हे डोक्याने काढता येत नाही, ते फक्त मागच्या वर्षांत तिथे असलेल्या पोरांचं पुढे काय झालं हे बघूनच कळतं. शीटचा खरा उपयोग इथे आहे.

शीटमध्ये प्रत्येक पोराच्या ओळीत एवढंच हवं: वर्ष, मॉकमधली टॉप टक्केवारी, आणि नीटची ऑल इंडिया रँक. मॉकही त्याच काळातले पाहिजेत. तुमची मुलगी फेब्रुवारीतले मॉक दाखवत असेल तर जुन्या पोरांचेही फेब्रुवारीतलेच, एप्रिलचे नाही, कारण शेवटच्या दोन महिन्यांत सगळी गर्दी पुढे सरकते आणि बारावीची पोरं बोर्ड संपल्यावर रिपीटरांपेक्षा जास्त सरकतात. आणि तिचे पाच मॉकची सरासरी असेल तर त्यांचीही तशीच सरासरी, कुणाचा एकच बेस्ट मॉक नको. बेस्ट मॉकमध्ये थोडं नशीब मिसळलेलं असतं, अंदाज मारलेले सहा प्रश्न बरोबर आलेले असतात. सरासरीवर बनवलेल्या शीटमध्ये तुम्ही तिचा ६.४ वाला मॉक टाकला तर निघणारी रँक छान दिसेल, पण ती तिची नसेल.

रँकही एका पातळीवर आणून घ्या. २०२३ ला साधारण २०.४ लाख पोरं प्रत्यक्ष बसली, २०२४ ला २३.३ लाख आणि २०२५ ला २२.१ लाख. सगळं २०२५ च्या २२.१ लाखांवर आणायचं तर २०२३ च्या रँकला १.०८ ने गुणा आणि २०२४ च्या रँकला ०.९५ ने. फरक फार मोठा पडत नाही, पण पाच मिनिटांचं काम आहे, करून टाका. शीटमधली २०२४ ची रँक कुठल्या निकालातली आहे तेही बघा. त्या वर्षी निकाल आधी ४ जूनला लागला आणि शेवटी सुधारून २६ जुलैला. फिजिक्सच्या एका प्रश्नाचं उत्तर बदलल्यामुळे चार लाखांहून जास्त पोरांचे पाच पाच मार्क गेले होते, त्यामुळे दोन्ही निकालांतल्या रँक वेगळ्या आहेत. जुलैची हवी.

आता प्रत्यक्ष काढणं. सोपी पद्धत आधी सांगतो, मी स्वतः पालकांसमोर हीच वापरतो कारण ती डोळ्यांनी दिसते. मुलगी ८.८ वर आहे, तर शीटमधून टॉप ७ ते ११ टक्क्यांत असलेली सगळी पोरं फिल्टर करा. समजा प्रत्येक वर्षाची पाच, अशी पंधरा निघाली. त्यांच्या खऱ्या रँक (बावीस लाखांवर आणलेल्या) चढत्या क्रमाने लावल्यावर समजा अशा दिसतात: १८,९००, २१,४००, २६,१००, २९,८००, ३१,५००, ३४,७००, ३८,२००, ४१,२००, ४४,९००, ४७,८००, ५२,६००, ५८,३००, ६३,४००, ७१,०००, ९६,५००.

बरोबर मधला, म्हणजे आठवा, ४१,२०० आहे. पुढून दोन आणि मागून दोन सोडले तर उरलेली अकरा पोरं २६ हजार ते ६३ हजारांत बसतात. म्हणजे उत्तर असं लिहायचं: तिच्या जागेवरच्या साधारण चारपैकी तीन पोरांची रँक २६ ते ६३ हजारांत आली, मधला आकडा ४१ हजार. सरासरी काढू नका बरं का, एक ९६ हजारवाला सगळ्यांना मागे ओढतो. रँकचं असंच असतं, चांगल्या बाजूला १ च्या पुढे जागाच नाही आणि वाईट बाजूला लाखभर मोकळं रान आहे.

जवळपासची पोरं कमी असतील, म्हणजे फिल्टर केल्यावर सहा-सातच निघत असतील, तर अख्ख्या शीटवरून रेषा बसवा. पण मार्क आणि रँक सरळ टाकून रेषा बसवली तर ती वरच्या पोरांना निगेटिव्ह रँक देते, हे मी क्लासेसच्या शीटमध्ये खूपदा बघितलंय. दोन्हीकडे लॉग घ्या. बी कॉलममध्ये टॉप टक्के, सी मध्ये सारखी केलेली रँक, डी आणि ई मध्ये त्यांचे लॉग, आणि मुलीचे टॉप टक्के एच२ मध्ये असं धरून:

```
D2:  =LOG10(B2)
E2:  =LOG10(C2)
H3:  =10^FORECAST(LOG10(H2),E$2:E$141,D$2:D$141)
```

डी आणि ई खालपर्यंत ओढा, १४१ च्या जागी तुमच्या शेवटच्या ओळीचा नंबर टाका. एच३ मध्ये जी रँक येईल ती वरच्या मधल्या आकड्याच्या जवळपास यायला हवी. ४१ हजारांच्या जागी ३७ किंवा ४५ आली तर काही बिघडलं नाही, पण १५ हजार आली तर शीटमध्ये काहीतरी गडबड आहे, बहुतेक वेळा कुणाची तरी कॅटेगरी रँक ऑल इंडिया रँकच्या कॉलममध्ये पडलेली असते. निकालपत्रावर दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि पोरं व्हॉट्सॲपवर पाठवताना छोटा आकडा पाठवतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी तुम्हाला सरांसमोर बसून विचारायला सांगीन. प्रत्येक वर्षी मॉक किती पोरांनी दिले होते आणि शीटमध्ये रँक किती जणांच्या आहेत? समजा मॉकला ६२ पोरं होती आणि रँक ४४ जणांच्या आहेत, तर उरलेली १८ कुठे गेली? ज्यांना चांगली रँक येते ती पोरं पेढे घेऊन क्लासला येतात, ज्यांची वाईट येते ती फोनच उचलत नाहीत. सरांचा यात काही हेतू नसतो, पण शीट आपोआप गोड होते.

हे किती फिरवतं ते वरच्याच आकड्यांवर बघा. समजा त्या ७ ते ११ टक्क्यांच्या पट्ट्यात खरं तर वीस पोरं होती आणि पाच जणांनी रँक कळवलीच नाही. ती पाचही ५३ हजारांच्या मागे गेली असं धरलं तर वीसांमधला मधला आकडा दहाव्या आणि अकराव्याच्या मध्ये येतो, म्हणजे ४७,८०० आणि ५२,६०० च्या मध्ये, साधारण ५० हजार. पेपर तेच, मुलगी तीच, फक्त न आलेली पोरं मोजली आणि रँक ४१ वरून ५० हजारांवर गेली. म्हणून मी नेहमी दोन आकडे काढतो, एक आहे त्या पोरांवरून आणि एक हरवलेली सगळी मागे गेली असं धरून, आणि पालकांना दोन्ही दाखवतो. खरं उत्तर मध्ये कुठेतरी असतं. हरवलेली पोरं शोधता आली तर फारच उत्तम, सरांकडे अर्जाचे नंबर नसतील पण मित्रांकडून चौकशी होते, पुण्यातल्या पोरांचं बारावीनंतर काय झालं हे कुणा ना कुणाला माहीत असतंच.

यानंतर शीटची परीक्षा घ्या. २०२५ ची पोरं बाजूला काढून ठेवा, जणू त्यांचा निकाल लागलाच नाही, आणि फक्त २०२३ आणि २०२४ वरून त्यांची रेंज काढा. आपल्या पट्ट्यात जुनी दहा पोरं उरतात, एक पुढून आणि एक मागून सोडलं तर रेंज २६,१०० ते ७१,००० येते, म्हणजे दहातल्या आठांची. आता २०२५ च्या खऱ्या पाच रँक त्यात टाकून बघा: १८,९०० बाहेर, बाकी ३१,५००, ४१,२००, ४७,८०० आणि ६३,४०० आत. पाचातले चार, म्हणजे शीटने जे म्हटलं तेच झालं. पाच पोरांवर फार विसंबू नका, हेच अख्ख्या बॅचवर करा, टॉप २ टक्क्यांपासून टॉप ३० टक्क्यांपर्यंत सगळ्यांवर. ऐंशी टक्के आत यायला हवीत. पन्नासच टक्के आली तर तुमची रेंज खोटी अरुंद आहे, ती रुंद करा. आणि बाहेर पडलेली पोरं कुठल्या बाजूला पडली ते बघा. दोन्ही बाजूंना विखुरली असतील तर ठीक. सगळीच मागे पडली असतील तर त्या वर्षी सिरीजची गर्दी बदलली किंवा क्लासमध्ये काहीतरी बदललं, आणि ते यंदाही लागू आहे का हे सरांशी बोलून ठरवावं लागेल.

इथे एक गोष्ट शिकलेली माणसंही विसरतात. शीटमध्ये १४० पोरं असली तरी वर्षं तीनच आहेत. एखाद्या वर्षी फिजिक्स भयंकर आलं तर फिजिक्सवर कमी वेळ दिलेला अख्खा क्लास एकदम मागे सरकतो, त्या चाळीस-पन्नास पोरांच्या चुका स्वतंत्र नसतात. म्हणून १४० ओळींवरून एक्सेल जी रेंज दाखवतं ती खऱ्यापेक्षा अरुंदच असते, आणि तीनही वर्षं पट्ट्यात वेगवेगळी रंगवून बघणं हाच त्यावरचा इलाज आहे. तिघांचे मधले आकडे जवळजवळ असतील, आपल्या उदाहरणात ३८,२००, ४४,९०० आणि ४१,२०० आहेत, तर धीर येतो. एक वर्ष २० हजार आणि दुसरं ६० हजार म्हणत असेल तर रेंज निदान तेवढी तरी रुंद ठेवायलाच हवी, मग ती कितीही कुचकामी वाटो.

याच कारणासाठी मुलीच्या मॉकमध्ये विषयवार जागा पण बघून ठेवा. बायोलॉजीच्या ३६० मार्कांवर टॉप ४ टक्के आणि फिजिक्समध्ये टॉप २० टक्के अशी मुलगी असेल तर एकूण ८.८ च दिसते, पण २०२५ सारखा फिजिक्सचा पेपर आला तर ती रेंजच्या मागच्या टोकाकडे जाते आणि २०२४ सारखा आला तर पुढच्या टोकाकडे. शीटमध्ये विषयवार मॉक मार्क असतील तर २०२५ च्या बॅचमध्ये अशी पोरं कुठे पडली ते थेट दिसेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बीजेचा. खुल्या प्रवर्गाबद्दल बोलायचं तर ८५ टक्के स्टेट कोट्यातली बीजेची यादी या रेंजच्या बरीच आधी बंद होते, २६ हजारांचं चांगलं टोक धरलं तरी. म्हणजे वरच्या आकड्यांवरची मुलगी असेल तर बीजे ही रेंजच्या बाहेरची गोष्ट आहे, आणि राज्यातल्या इतर सरकारी कॉलेजांचं गणित मांडायला हवं. तिथे कॅटेगरी, राउंड, मुलींचं आरक्षण यानुसार चित्र खूप बदलतं, त्यामुळे मी अमुक कॉलेज म्हणून सांगणार नाही. सीईटी सेलच्या सिलेक्शन लिस्टमध्ये प्रत्येक उमेदवारासमोर ऑल इंडिया रँक, कॅटेगरी आणि कॉलेज असतं. मागच्या तीन वर्षांच्या लिस्ट काढा, तुमच्या कॅटेगरीसाठी प्रत्येक कॉलेजमध्ये शेवटच्या राउंडला गेलेली शेवटची रँक लिहा आणि त्यासमोर तीन आकडे ठेवा, २६, ४१ आणि ६३ हजार. कुठलं कॉलेज मधल्या आकड्याला मिळतं आणि कुठलं फक्त चांगल्या टोकाला मिळतं हे समोर येईल. मार्कांचे कटऑफ बघूच नका, त्यात पुन्हा तोच घोळ आहे. ४१ हजार रँकला २०२४ मध्ये ६४० च्या जरा खाली मार्क होते आणि २०२५ मध्ये ५१० च्या आसपास, म्हणजे त्याच कॉलेजचा मार्कांचा कटऑफ एका वर्षात सव्वाशेच्या वर पडलेला दिसतो आणि लोकांना वाटतं कॉलेज सोपं झालं.

आणि रेंज रुंद आहे म्हणून वैतागू नका, या भागात गर्दीच तेवढी आहे. २०२५ ला ५०१ ते ५५० या पन्नास मार्कांत चाळीस हजारांच्या आसपास पोरं होती. एका मार्काला सरासरी आठशे. एक प्रश्न बरोबरचा चुकला की ४ जातात आणि १ वजा, असे पाच मार्क, म्हणजे एका प्रश्नाला चार-पाच हजार रँक. तीन प्रश्न इकडचे तिकडे झाले तर ४१ हजारवाली मुलगी तिशीच्या आत किंवा पन्नाशीच्या पुढे जाते, आणि तीन प्रश्नांचा फरक तर तिच्या स्वतःच्याच दोन मॉकमध्ये आहे. कुणी तुम्हाला "४१,२०० च येणार" असं सांगत असेल तर त्याने हा हिशोब केलेला नाही.

पुढच्या प्रत्येक मॉकनंतर सरासरीतला सगळ्यात जुना मॉक काढून नवा घाला आणि नवीन टॉप टक्क्यांवर फिल्टर पुन्हा लावा, जुन्या पोरांचेही त्याच महिन्यातले मॉक घेऊन. एका मॉकने ८.८ चं ८.१ झालं तर तो काहीच बदल नाही, तिचे पाच मॉकच ६.४ ते ११.१ मध्ये फिरतायत. सलग तीन-चार मॉक ७ च्या आत आले तर पट्टा खरोखर सरकलाय, तेव्हा ५ ते ८ टक्क्यांतली पोरं काढून नवी रेंज लिहा. सरांकडून शीट मिळवताना मुलांची नावं काढून घ्यायला सांगा, आपल्याला फक्त वर्ष, टक्के आणि रँक एवढंच लागतं. आणि हरवलेल्या पोरांचा आकडा मिळाला की इथे टाका, तेवढं कळल्याशिवाय मी ४१ आणि ५० मधला कुठला आकडा धरा हे सांगू शकत नाही.